एक लाख सतरा हजार आले कुठून?

फेब्रुवारीच्या बारा तारखेला पगाराच्या स्लिपवर एक ओळ दिसते : ‘इन्सेन्टिव्ह, ऑक्टोबर ते डिसेंबर – १,१७,०००’. कुठल्या विक्रीवर, कोणत्या दराने, किती टार्गेट धरून हा आकडा काढला, याचा कुठेच पत्ता नाही. ज्याच्या नावे ही ओळ आहे तो पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना एअर कॉम्प्रेसर विकणारा विक्री अभियंता आहे. त्याच्या डायरीत त्याच तिमाहीसाठी त्याने स्वतः मांडलेला आकडा आहे १,८९,०००. म्हणजे बहात्तर हजारांचा फरक.

हा माणूस आणि त्याची कंपनी या लेखापुरती उभी केली आहे आणि आकडे सोपे जावेत म्हणून गोल ठेवले आहेत. पण त्याच्याबाबत जे घडतं ते विक्रीच्या नोकरीत वर्षानुवर्षं काढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. कमिशनचं भांडण क्वचितच टक्क्यांवरून होतं. टक्के दोन्ही बाजूंना पाठ असतात. ते टक्के कशावर लावायचे आणि टार्गेटची रेघ कुठे ओढायची, इथे हिशेब फाटे घेतो, आणि स्लिपवरच्या एका ओळीत ते फाटे दिसत नाहीत.

एप्रिलमध्ये त्याने जिच्यावर सही केली ती योजना दोन पानांची होती. तिमाहीचं टार्गेट ६० लाख रुपये. टार्गेटपर्यंतच्या विक्रीवर दीड टक्का, टार्गेटच्या शंभर ते एकशेवीस टक्क्यांमधल्या विक्रीवर तीन टक्के आणि त्यापुढच्या विक्रीवर साडेचार टक्के. दर टप्प्याटप्प्याने लागतो, प्राप्तिकराच्या स्लॅबसारखा : वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातल्या रकमेला. कलम ४ म्हणतं की विक्री म्हणजे तिमाहीत फाडलेल्या बिलांची रक्कम, जीएसटी सोडून आणि त्याच तिमाहीतल्या क्रेडिट नोटा वजा करून. कलम ७ म्हणतं की ग्राहकाने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावरचं कमिशन परत घेतलं जाईल. कलम ९ प्रमाणे कंपनी योजनेत बदल करू शकते, पण तीस दिवसांची लेखी सूचना देऊन आणि पुढच्या तिमाहीपासून. कलम ११ : तिमाही संपल्यावर पंचेचाळीस दिवसांत पैसे.

पहिला मसुदा त्याने त्याच रात्री लिहिला. त्यात ‘अन्याय’ हा शब्द तीनदा होता आणि ‘माझे ७२,००० रुपये त्वरित द्या’ ही मागणी होती. सुदैवाने तो पाठवण्याआधी त्याने तो अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एका मित्राला वाचून दाखवला. मित्राने पहिलाच प्रश्न विचारला : ‘डिसेंबरमध्ये चाकणच्या गिऱ्हाइकाने ड्रायर परत केला होता ना, त्याची क्रेडिट नोट वजा केलीस का?’

केली नव्हती. डायरीत ८६ लाखांची बिलं होती. दोन लाखांची क्रेडिट नोट काढली की उरतात ८४ लाख. कलम ४ त्याच्याच बाजूचं होतं, पण त्याच कलमाचं शेवटचं वाक्य त्याच्या विरुद्ध जात होतं. ती दोन लाखांची विक्री सगळ्यात वरच्या टप्प्यातली, म्हणजे साडेचार टक्क्यांनी ९,००० रुपये. त्याचा खरा आकडा १,८९,००० नाही, १,८०,००० आहे. ही चूक कंपनीने दाखवली असती तर पत्रातली बाकीची प्रत्येक ओळ संशयात गेली असती. स्वतःच काढून टाकली, तर उरलेला हिशेब तपासून आलेला ठरतो.

मग मित्राने दुसरं काम सांगितलं, आणि हे काम बहुतेक लोक करत नाहीत. कंपनीचा आकडा चूक म्हणण्याआधी तो कसा आला हे शोधून काढायचं. एचआरकडे फोड मागितली तर ‘सिस्टीमने काढलंय’ एवढंच उत्तर मिळालं होतं. पण दर माहीत असतील तर शेवटच्या आकड्यावरून मागे चालत जाता येतं.

टार्गेट ६० लाखच धरलं असेल तर पहिल्या टप्प्याचे ९०,००० होतात. १,१७,००० मधून ते गेले की २७,००० उरतात; तीन टक्क्यांच्या दराने ते ९ लाखांवरचे. म्हणजे कंपनीने एकूण विक्री ६९ लाख धरली असायला हवी. पण ६९ लाख हा आकडा कुठल्याच यादीत सापडेना. ना बिलांमध्ये, ना ऑर्डरींमध्ये, ना डिस्पॅचमध्ये. ही वाट बंद.

तेव्हा त्याला २० नोव्हेंबरचा मेल आठवला. ‘बाजारातली मागणी पाहता चालू तिमाहीचं टार्गेट ७२ लाख करण्यात येत आहे.’ टार्गेट ७२ धरलं तर पहिला टप्पा १,०८,००० चा होतो. उरले ९,०००, म्हणजे तीन टक्क्यांनी ३ लाख. एकूण ७५ लाख. आता ८४ आणि ७५ यांमधले ९ लाख कुठे गेले? त्याने ३१ डिसेंबरची आउटस्टँडिंगची यादी काढली. त्याच्या ग्राहकांकडून तिमाहीतल्या बिलांचं येणं होतं १०,६२,०००. आकडा जुळत नाही म्हणून तो पुन्हा अडला. मित्राला मात्र लगेच कळलं, कारण येण्याच्या यादीत रक्कम जीएसटीसकट असते. कॉम्प्रेसरवर अठरा टक्के जीएसटी. १०,६२,००० ला १.१८ ने भागलं की बरोबर ९,००,००० येतात.

उलगडा झाला. कंपनीने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. बिलाऐवजी हातात आलेले पैसे धरले आणि टार्गेट मागच्या तारखेपासून वाढवलं. स्लिपवर दोन्ही बदल एकमेकांत मिसळून गेले होते. असं मागे चालत जाण्याचा फायदा हा की आता पत्रात ‘तुमचा हिशेब मला समजत नाही’ असं लिहावं लागत नाही. ‘तुमचा हिशेब असा आला आहे’ असं लिहिता येतं, आणि त्यावर उत्तर टाळणं फार अवघड जातं.

या टप्प्यावर आणखी एक घोटाळा होऊ शकतो. बँकेत जमा झालेली रक्कम टीडीएस कापून आलेली असते. नोकरदाराचं कमिशन कराच्या हिशेबात पगारातच धरलं जातं, त्यामुळे ते मिळालं त्या महिन्यात कपात एकदम मोठी दिसते. बँकेतला आकडा योजनेच्या आकड्याशी ताडून पाहिला तर नसलेला फरक दिसू लागतो. तुलना नेहमी करकपातीआधीच्या दोन आकड्यांचीच करायची.

शेवटी जे पत्र गेलं ते एका पानाचं होतं. खासगी कंपन्यांत अशी पत्रं बहुतेक इंग्रजीत जातात. मालक आणि व्यवस्थापक मराठी असलेल्या या कंपनीत ते मराठीतच गेलं.

मा. विक्री व्यवस्थापक साहेब,
स. न. वि. वि.

विषय : ऑक्टोबर–डिसेंबर तिमाहीच्या इन्सेन्टिव्हमधील फरक, ६३,००० रुपये

महोदय, वरील तिमाहीसाठी मला १,१७,००० रुपये मिळाले. एप्रिलमध्ये आपण आणि मी सही केलेल्या योजनेप्रमाणे ही रक्कम १,८०,००० रुपये होते. सर्व आकडे करकपातीपूर्वीचे आहेत. माझ्या तिमाहीतील बिलांची बेरीज जीएसटी सोडून ८६ लाख असून, त्यातून परत आलेल्या ड्रायरची दोन लाखांची क्रेडिट नोट मी वजा केली आहे. मिळालेली रक्कम कशी काढली गेली असावी, याची मी केलेली मांडणी आणि योजनेप्रमाणे येणारी रक्कम सोबत देत आहे.

| | योजनेप्रमाणे | मिळालेल्या रकमेप्रमाणे |
|---|---|---|
| धरलेली विक्री | ८४ लाख (बिलं) | ७५ लाख (वसुली) |
| टार्गेट | ६० लाख | ७२ लाख |
| दीड टक्का | ६० लाखांवर ९०,००० | ७२ लाखांवर १,०८,००० |
| तीन टक्के | १२ लाखांवर ३६,००० | ३ लाखांवर ९,००० |
| साडेचार टक्के | १२ लाखांवर ५४,००० | – |
| एकूण | १,८०,००० | १,१७,००० |

फरक दोन कारणांनी पडला आहे. पहिले, बिलांऐवजी वसुली धरल्यामुळे ४०,५०० रुपये; कलम ४ मध्ये बिलांची रक्कम असे म्हटले आहे. दुसरे, ७२ लाखांचे टार्गेट याच तिमाहीला लावल्यामुळे २२,५०० रुपये. कलम ९ प्रमाणे २० नोव्हेंबरच्या सूचनेचा बदल जानेवारीपासून लागू होतो. (दोन कारणांचा क्रम बदलल्यास त्यांतील वाटणी बदलते, एकूण फरक तोच राहतो.)

माझ्या मांडणीत चूक असल्यास कृपया कलम आणि बिल क्रमांकासह दाखवावी, मी दुरुस्त करीन. नसल्यास फरकाची रक्कम पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मिळावी, ही विनंती. सोबत : सही केलेल्या योजनेची प्रत, बिलांचे क्रमांक व रकमा, २० नोव्हेंबरच्या मेलची प्रत.

पत्र मेलने गेलं आणि त्याची एक प्रत कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला गेला.

कंसातलं ते एक वाक्य थोडं उलगडून सांगायला हवं. आधी टार्गेट ७२ करून पाहिलं तर ८४ लाखांवर १,४४,००० येतात, म्हणजे ३६,००० ची घट. मग वसुलीमुळे आणखी २७,०००. आधी वसुली धरली तर १,३९,५०० येतात, म्हणजे ४०,५०० ची घट. मग टार्गेटमुळे २२,५००. बेरीज दोन्हीकडे ६३,०००. हे पत्रात सांगितलं नाही, तर अकाउंट्समधला कुणी उलट क्रमाने हिशेब करतो, त्याला वेगळे तुकडे मिळतात आणि तो ‘तुमचे आकडे चुकीचे’ असं लिहून प्रकरण बंद करतो.

व्यवस्थापकांनी आधी तोंडी उत्तर दिलं : ‘अरे, पैसे आले नाहीत तर कमिशन कसं देणार? आणि ते नऊ लाख जानेवारीत येतीलच, तेव्हा पुढच्या तिमाहीत धरू. बुडणार थोडंच आहे तुझं!’

या वाक्यात दोन दावे आहेत आणि दोन्ही नीट पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात तथ्य आहे. ग्राहकाने पैसे बुडवले तर कंपनीने त्या विक्रीवर कमिशन का द्यावं? पण हा धोका योजनेने आधीच विचारात घेतला आहे. १८० दिवसांत पैसे नाही आले तर कमिशन परत, असं कलम ७ सांगतं. कमिशन फक्त वसुलीवरच द्यायचं असतं, तर परत घेण्याचं कलम लिहिण्याची गरजच नव्हती. ज्याला कलम ४ ची भाषा संदिग्ध वाटेल, त्याला कलम ७ वाचून कलम ४ चा अर्थ कळतो.

दुसरा दावा जास्त फसवा आहे, कारण तो समजूतदार वाटतो. आज नाही तर उद्या, पैसे तर मिळणारच. टप्प्यांच्या योजनेत मात्र हे खरं नसतं. नऊ लाख या तिमाहीत धरले तर ते सगळ्यात वरच्या टप्प्यात बसतात, कारण त्यांच्याखालचे ७५ लाख आधीच भरलेले आहेत. साडेचार टक्क्यांनी ४०,५०० रुपये. तेच नऊ लाख जानेवारीत मोजले आणि ती तिमाही टार्गेटच्या आत राहिली, तर त्यांना दीड टक्का लागतो : १३,५०० रुपये. विक्री तीच, ग्राहक तोच, पैसेही पूर्ण आले. तरी फक्त महिना बदलल्यामुळे २७,००० रुपये गेले. वर्षाअखेरीस किंवा सणासुदीच्या तिमाहीत उड्या मारणाऱ्या धंद्यात ही गळती सगळ्यात मोठी असते आणि कुणाच्याच स्लिपवर ती दिसत नाही. विक्रीच्या माणसाने योजनेतलं एकच वाक्य पाठ करायचं असेल, तर ते ‘विक्री कोणत्या दिवशी मोजायची’ हे असावं.

टार्गेटच्या मेलबाबत एक नाजूक जागा होती. त्या मेलला त्याने २० नोव्हेंबरलाच उत्तर दिलं होतं : ‘नोटेड सर’. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा यायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. ‘नोटेड’ म्हणजे वाचलं, मान्य केलं असं नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. पण समोरचाही तो शब्द संमती म्हणून पुढे करणारच. इथे कलम ९ स्पष्ट असल्याने तो वाचला. योजनेत ‘कंपनी आपल्या मर्जीने केव्हाही बदल करू शकेल’ असं वाक्य असतं, तर दुसऱ्या मुद्द्याचे २२,५०० मिळवणं अवघड होतं, आणि असं वाक्य बऱ्याच योजनांमध्ये असतं. तशा वेळी मेलला उत्तर देतानाच ‘हा बदल जानेवारीपासून धरला जाईल असं मी समजतो’ एवढी एक ओळ लिहिली, तर पुढचा बराच वाद टळतो.

जोडपत्रांबाबतही मित्राने एक सूचना केली होती. बिलांचे क्रमांक आणि रकमा पुरेत. ग्राहकांची संपूर्ण यादी, दरपत्रकं, सीआरएममधला डेटा स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवायचा नाही. पैशाच्या वादात बरोबर असलेला माणूस गोपनीय माहिती बाहेर नेल्याच्या आरोपात अडकतो आणि मग त्याचं कमिशन बाजूलाच राहतं.

कायद्याच्या बाजूने ही मागणी कुठे बसते? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेलं आहे. मात्र घरभाडं, प्रवासभत्ता, कमिशन अशा वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे थकलेलं कमिशन म्हणजे सरळ थकलेला पगार, असं धरून चालता येत नाही. ज्याचा बहुतेक मोबदला कमिशनच आहे, त्याची स्थिती वेगळी आणि ज्याचा पगार मोठा आणि कमिशन थोडं, त्याची वेगळी. म्हणून अशा मागणीचा खरा आधार सही केलेला करार हाच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गेस्टेटनर डुप्लिकेटर्सच्या प्रकरणात याच्या जवळचा एक प्रश्न हाताळला होता. वाद प्राप्तिकराचा आणि भविष्य निर्वाह निधीतल्या वर्गणीचा होता. नोकरीच्या अटींप्रमाणे विक्रेत्याला विक्रीच्या ठरलेल्या टक्क्याने मिळणारं कमिशन ‘पगार’ या शब्दात बसतं का? न्यायालयाने ते बसतं असं ठरवलं. निकाल कराच्या संदर्भातला आहे, तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण त्यातला भेद कामाचा आहे : करारात टक्का ठरलेला असेल तर ती कमाई आहे, व्यवस्थापन खुशीने देईल ते बक्षीस नव्हे. म्हणूनच त्या पत्रात ‘इन्सेन्टिव्ह मिळावा’ अशी विनवणी नव्हती, ‘योजनेप्रमाणे होणारी रक्कम’ असं म्हटलं होतं.

अकराव्या दिवशी लेखी उत्तर आलं. टार्गेटचा मुद्दा मान्य : ७२ लाख जानेवारीपासून धरायला हवे होते, मार्चच्या पगारात २२,५०० रुपये दिले जातील. वसुलीचा मुद्दा ‘विचाराधीन’. कंपनीत वसुलीवरच कमिशन देण्याची पद्धत आहे, असंही पुढे लिहिलं होतं.

‘पद्धत’ या शब्दाला उत्तर म्हणून त्याने दुसरं पत्र लिहिलं, अवघ्या सहा ओळींचं. सोबत एप्रिल ते जून आणि जुलै ते सप्टेंबर या दोन तिमाहींचे कंपनीनेच दिलेले हिशेब जोडले. दोन्हींमध्ये विक्री म्हणून बिलांची रक्कम धरली होती. त्या दोन्ही वेळा विक्री टार्गेटच्या आत होती, त्यामुळे दर दीड टक्काच लागला होता आणि कुणाला वसुलीची आठवण झाली नव्हती.

मार्चच्या पगाराबरोबर २२,५०० आले. सोबत एक कागद सहीला आला : ‘तिमाहीच्या इन्सेन्टिव्हपोटी संपूर्ण रक्कम मिळाली, कोणतीही बाकी नाही.’ त्याने सही केली, पण वर हाताने लिहिलं : ‘२२,५०० रुपये मिळाले, कलम ४ प्रमाणे ४०,५०० रुपयांची मागणी कायम.’ मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला आणि मगच तो परत दिला.

उरलेल्या रकमेसाठी पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी न्यायालय, किंवा रक्कम वेतनाच्या व्याख्येत बसत असेल तर संहितेखालचा अधिकारी. दोन्हीकडे मुदत तीन वर्षांची, आणि ती मोजायची पैसे देय झाले त्या दिवसापासून. या योजनेत ३१ डिसेंबरनंतरचा पंचेचाळिसावा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे देणेकऱ्याने मुदतीच्या आत देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. पण ‘विचाराधीन’ म्हणजे कबुली नव्हे. त्यामुळे त्याने डायरीत १४ फेब्रुवारी या तारखेखाली रेघ ओढली आहे, आणि सव्वादोन वर्षांनंतरच्या मे महिन्यात वकिलाकडे जाण्याची नोंद आत्ताच करून ठेवली आहे.